सर्टिफिकेट घेण्याआधी टेंडरचं पान वाच

प्रिय मित्रा,

तुझा प्रश्न एका ओळीचा होता: "काका, नेबॉश करू का एडीआयएस?" मोठ्या प्रकल्पावर लागायला सेफ्टीच्या या दोन कोर्सपैकी कोणता घ्यावा, एवढंच तुला हवं होतं. उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण मग सहा महिन्यांनी तू पैसे भरून मोकळा झाला असतास आणि मला विचारलं असतंस की कॉल का येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मोठ्या प्रकल्पावर माणूस कसा घेतात ते नीट समजून घे. सध्या तू ज्या बिल्डरकडे सुपरवायझर आहेस, तिथे मालकाने तुला बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि सोमवारपासून ये म्हणाला. मेट्रो, विमानतळ किंवा एखाद्या मोठ्या टाउनशिपच्या कामावर तसं होत नाही. कंत्राटदार तुला निवडतो खरा, पण तेवढ्याने तू साईटवर जात नाहीस. तुझा सीव्ही, मार्कशीट, अनुभवपत्रं असा गठ्ठा क्लायंटच्या सल्लागाराकडे, म्हणजे पीएमसीकडे, मंजुरीला जातो. तिथला माणूस एका हातात तुझे कागद आणि दुसऱ्या हातात कंत्राटातलं सेफ्टीचं प्रकरण घेऊन बसतो. त्या पदासाठी जे लिहिलंय ते तुझ्या कागदात आहे का, एवढंच तो बघतो. तू कामाला किती खमका आहेस हे त्याला त्या क्षणी माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी त्याला सही करायची असते ती कागदावर.

याची दुसरी बाजू तुझ्या फायद्याची आहे. अनेक मोठ्या कंत्राटांत सेफ्टीचं मंजूर पद रिकामं राहिलं तर कंत्राटदाराच्या बिलातून दंड कापतात. त्यामुळे काम सुरू होण्याच्या सुमारास कंत्राटदाराला पहिल्याच फेरीत पास होईल असा माणूस हवा असतो, आणि त्यासाठी तो चार पैसे जास्त मोजतो. पगाराचं बोलणं तेव्हाच करायचं. एकदा रुजू झालास की मग ते वार्षिक वाढीवर जातं.

आता कागदात नेमकं काय बघतात? बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा आणि त्याखालचे केंद्राचे नियम १९९८ चे. त्या नियमांप्रमाणे ५०० किंवा जास्त कामगार असले की सेफ्टी ऑफिसर नेमणं बंधनकारक होतं: हजारापर्यंत एक, दोन हजारांपर्यंत दोन, पाच हजारांपर्यंत तीन. २०२० ची नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि बांधकामासाठी ही मर्यादा २५० कामगारांवर आली. म्हणजे पूर्वी ज्या मध्यम साईटवर सेफ्टी ऑफिसर नसला तरी चालायचं, तिथेही आता तो लागणार. मोठ्या क्लायंटची कंत्राटं याहून जास्त माणसं मागतात, पण पात्रतेची भाषा बहुतेक वेळा १९९८ च्या नियमांतूनच उचललेली असते. म्हणून ती भाषा तुला पाठ हवी.

त्यात तीन अटी आहेत. पहिली: इंजिनिअरिंगची पदवी आणि बांधकामावर सुपरवायझर म्हणून किमान दोन वर्षं, किंवा डिप्लोमा आणि तसाच पाच वर्षांचा अनुभव. दुसरी: औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदवी किंवा डिप्लोमा, आणि त्यात बांधकाम सुरक्षेचा एक पेपर. तिसरी अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: साईटवरच्या बहुसंख्य कामगारांची भाषा पुरेशी यायला हवी. पुण्या-मुंबईत याचा अर्थ हिंदी, आणि ती नुसती समजून भागत नाही, टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्याआधी कामगारांशी सुरक्षेवरचं छोटं बोलणं, घेता येईल इतकी यायला हवी. मुलाखतीत मी स्वतः उमेदवाराला उभं करून पाच मिनिटांचा टॉक घ्यायला लावायचो. सर्टिफिकेटांची फाइल घेऊन आलेले कितीतरी जण तिथेच अडखळायचे.

दुसऱ्या अटीवर जरा थांबतो, कारण तुझा प्रश्न तिथेच आहे. एडीआयएस म्हणजे औद्योगिक सुरक्षेचा प्रगत डिप्लोमा. आपल्याकडे तो महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संलग्न संस्थांतून होतो, आणि मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत वर्षभर पूर्णवेळ करता येतो. कायद्यातल्या "मान्यताप्राप्त डिप्लोमा" या शब्दांत तो बसतो. नेबॉशचं इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट ब्रिटिश संस्थेचं. अभ्यास म्हणून ते चांगलं आहे, कामाच्या जागेवर स्वतः जोखमीचं मूल्यमापन करून लिहावं लागतं, आणि आखातात त्याला मोठी किंमत आहे. पण ते सर्टिफिकेट आहे, भारतीय कायद्याच्या अर्थाने डिप्लोमा नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं काय झालं ते ऐक. सिव्हिल डिप्लोमा, सहा वर्षं साईटवर, वर नेबॉश. कंत्राटदाराने त्याला सेफ्टी ऑफिसर म्हणून निवडलं. पीएमसीने दोन शेरे मारून सीव्ही परत पाठवला. एक, सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा नाही. दोन, सहापैकी पहिल्या दोन वर्षांच्या पत्रात "ट्रेनी इंजिनिअर" लिहिलंय, म्हणजे सुपरवायझर म्हणून चारच वर्षं भरतात. तो त्या साईटवर गेला खरा, पण एक पायरी खाली, सेफ्टी सुपरवायझर म्हणून, आणि पगारही त्याच पायरीचा. पुढच्या वर्षी त्याने एडीआयएस केलं.

म्हणून तुला सांगतो: इथेच राहून सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर आधी एडीआयएस. आखाताचा विचार पक्का असेल तर नेबॉश. आणि तुला सेफ्टीत जायचंच नसेल, कामाच्या बाजूनेच सेक्शन इनचार्ज व्हायचं असेल, तर दोन्हींची घाई नको. अशा पदांसाठी काही क्लायंट आयओएसएच या ब्रिटिश संस्थेचा सुरक्षेवरचा तीन-चार दिवसांचा कोर्स मागतात, आणि बऱ्याचदा तो कंत्राटदार स्वतःच्या खर्चाने करून देतो. प्रवेश घेण्याआधी संस्थेकडून विषयांची यादी मागून घे आणि बांधकाम सुरक्षेचा पेपर आहे का ते बघ. तो नसेल तर कारखान्यासाठी तुझा डिप्लोमा चालेल, बांधकामाच्या फाइलवर शेरा येईल.

"दोन दिवसांत ओशा ३०" अशी जाहिरात तू पाठवली होतीस. ती विसर. ओशा ही अमेरिकेची सरकारी यंत्रणा. तिचा तीस तासांचा आउटरीच कोर्स दिवसाला साडेसात तासांहून जास्त घेता येत नाही, म्हणजे चार दिवसांखाली तो होतच नाही. शिवाय ओशा स्वतःच सांगते की ते प्रशिक्षण आहे, पात्रतेचा दाखला नाही. असं कार्ड फाइलला लावलं की बाकीच्या खऱ्या कागदांकडेही संशयाने बघतात.

आता तुझी अनुभवपत्रं. तू पाठवलेल्या पत्रात पद "साईट स्टाफ" आहे आणि तारखांच्या जागी "सुमारे तीन वर्षे". याने काम होणार नाही. पत्रात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, प्रकल्पाचं नाव आणि आकार, तुझ्या हाताखाली किती माणसं होती, एवढं हवं. तू खरंच सुपरवायझर आहेस, तेव्हा तसं लिहून मागण्यात लाज कसली? बिल्डरकडे अजून आहेस तोवर माग. त्याचं ऑफिस बंद झालं की कुणाच्या दारात जाणार? पत्रातल्या तारखा पीएफच्या पासबुकाशी जुळतात का तेही बघ, कारण मोठ्या कंपन्या ते ताडून बघतात. ज्या काळात पगार रोखीने घेतलास आणि पीएफ नव्हता, त्याला बँकेतल्या नोंदी किंवा हजेरीच्या प्रती जोड. त्याही नसतील तर तेवढी वर्षं धरू नकोस, आणि कुणाकडून खोटं पत्र आणू नकोस. काही क्लायंट डिप्लोमा मिळाल्यानंतरचाच अनुभव मोजतात, तेव्हा शेवटच्या निकालाच्या तारखेपासून किती वर्षं भरतात तेही कागदावर मांडून ठेव.

कागद पास झाले की मुलाखत. तिथे व्याख्या फार कुणी विचारत नाही. मी नेहमी एकच प्रसंग द्यायचो: जुलै महिना, चार मीटर खोल चर, जेसीबीने काढलेली माती काठापासून एक मीटरवर रचलेली, आत चार माणसं, आणि प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतोय पीसीसी, म्हणजे तळाचं साधं काँक्रीट, आजच व्हायला हवी. काय करशील? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षा संहितेप्रमाणे माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त असेल तितकी लांब हवी. इथे खोलीच्या निम्मं म्हणजे दोन मीटर. दीड मीटरहून खोल चराच्या बाजूंना उतार, पायऱ्या किंवा आधार हवा. उतरायला शिडी हवी, आणि ती काठाच्या वर किमान ९० सेंटिमीटर आलेली हवी.

हे आकडे पाठ असलेले बरेच भेटतात. मी ऐकायचो तो क्रम. बरेच जण म्हणायचे, "प्रोजेक्ट मॅनेजरला मेल करीन." चांगला उमेदवार म्हणायचा, आधी माणसं वर घेतो, जेसीबीला काठावरून मागे नेतो, मग मॅनेजरला फोन करतो आणि माती हलवून बाजूंना आधार द्यायला किती वेळ लागेल ते सांगतो. माती ओली आहे का, काठावर तडे गेलेत का, शेजारून डंपर जातात का, हे जो उलट मलाच विचारायचा, त्याला मी पुढे काही विचारत नसे. तू चार पावसाळे साईटवर काढलेस, तुला हे येतं. फक्त बोलताना "आम्ही करायचो" असं मोघम न सांगता एका खऱ्या चराचं सांग: किती खोल होता, काय आढळलं, काम किती वेळ थांबवलं, कुणी विरोध केला.

या आठवड्यात दोन गोष्टी कर. बिल्डरकडच्या नव्या पत्राचा मसुदा मला पाठव, मी शब्द बघून देतो. आणि ज्या मेट्रोच्या कामाबद्दल तू म्हणालास, तिथल्या कुणा ओळखीच्याकडून सेफ्टीच्या प्रकरणातलं पात्रतेचं कोष्टक मिळतंय का बघ. ते हाती आलं की तुझ्या तारखा त्यावर ठेवून एडीआयएसला या वर्षी जायचं की पुढच्या, ते ठरवू. फी तोवर भरू नकोस.

तुझा,
काका