रेंडरमध्ये सोलर पॅनेल, हिरवी गच्ची आणि पावसाच्या पाण्याची सोय खरी वाटेल अशी कशी दाखवायची? छताची कडा दरवेळी बिघडते.

जमिनीवरच्या कॅमेऱ्यातून पॅनेल दिसत नसतील तर दाखवू नका. याच मुद्द्यावरून मी एकदा वरिष्ठांशी आठवडाभर भांडले होते.

तीन मजली इमारत, सपाट गच्ची. स्लॅब 10 मीटरवर, त्यावर 1 मीटरचा पॅरापेट. पॅनेल 2 मीटर लांब आणि 15 अंशात कललेलं, म्हणजे त्याची वरची कडा खालच्या कडेपेक्षा 52 सेंटिमीटर उंच. स्टँडचे 30 धरले तरी सगळं 82 मध्ये बसतं, पॅरापेटच्या आड. कॅमेरा 20 मीटर लांब, डोळ्याच्या उंचीवर, 1.6 मीटर. तिथून पॅरापेटच्या माथ्याला चाटून जाणारी रेषा मी सेक्शनवर ओढली. 3 मीटर आत ती माथ्याच्याही 1.4 मीटर वर होती. पॅनेल दिसणार कुठून?

"क्लायंटने सोलरचे पैसे मोजलेत, ते दिसायलाच हवेत," वरिष्ठ म्हणाले. शेवटी पॅनेल 30 अंशांवर, स्टँड दीड मीटरचा, आणि ओळ थेट पॅरापेटला लागून. आकाशावर काळी पट्टी उमटली. क्लायंटने रेंडर एलिव्हेशनशेजारी ठेवून विचारलं, "उंची वाढवलीत का?" कुणालाच उत्तर देता आलं नाही.

म्हणून समोरच्या व्ह्यूत कडेला हात लावू नका, गच्चीसाठी वरून दुसरा व्ह्यू काढा. त्यात पॅनेलच्या एका ओळीची सावली दुसरीवर पडणार नाही एवढं अंतर सोडा. मटेरियल जवळजवळ काळं ठेवा आणि वर काचेत आकाशाचं प्रतिबिंब येऊ द्या. चकचकीत निळा दिला की ते प्लास्टिकचं दिसतं.

हिरवळ पॅरापेटला भिडवू नका, मध्ये 30 ते 50 सेंटिमीटर गोट्यांचा पट्टा हवा. कडा खरोखर बदलू शकते ती इथेच. मातीचा 15 सेंटिमीटर थर आला की 1 मीटरचा पॅरापेट आतून 85 उरतो. गच्चीवर माणसं वावरणार असतील तर तो वाढवावा लागतो, पण आधी ड्रॉइंगमध्ये, मग मॉडेलमध्ये.

पावसाच्या पाण्याचं खालून जे दिसतं ते म्हणजे पाइप. तो गच्चीवरच्या आउटलेटच्या बरोबर खाली येऊ द्या आणि टाकीपर्यंत पोचवा, मध्येच भिंतीवर संपवू नका.

हे सगळं सपाट गच्चीचं. उतरतं छप्पर असेल तर पॅनेल खालूनही दिसतात, तिथे जरूर दाखवा, मात्र छपराला समांतर, कौलांपासून वीतभरापेक्षा कमी वर आणि माथ्याच्या खाली. "थोडे उभे करा, उठून दिसतील" असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका. सेक्शन काढा, नजरेची रेषा ओढा आणि तो कागद रेंडरसोबत पाठवा. मी तेव्हा तो फक्त वरिष्ठांना दाखवला, क्लायंटला नाही.