दोन दिशांचे मोमेंट आणि वजा होणारा एक आकडा

ठाणे, घोडबंदर, घणसोली, खारघर अशा ठिकाणांहून तरुण इंजिनिअर आणि सोसायट्यांचे सभासद मला लिहितात. गेल्या काही महिन्यांत एकच गोंधळ वारंवार आला आहे: कॉलमवर दोन्ही दिशांनी मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, असताना रेसिप्रोकल लोड पद्धत वापरायची, पण तिच्यात नेमके कोणते आकडे घालायचे? म्हणून निवडक पत्रांना इथेच उत्तरं देते.

मॅडम, एक्स दिशेची पडताळणी पास झाली, वाय दिशेचीही पास झाली. मग कॉलम पासच ना? – कासारवडवली

नाही. कोपऱ्यातली एकच सळई आणि तिच्याभोवतीचं काँक्रीट दोन्ही वाकण्यांचा दाब एकाच वेळी झेलत असतं. दोन वेगवेगळ्या पडताळण्यांत तो कोपरा एकदाही दोन्ही वाकण्यांच्या एकत्र दाबाखाली तपासला जात नाही.

रेसिप्रोकल सूत्रातला P0 आम्ही मुद्दाम कमी धरतो, 0.4 आणि 0.67 वाला. कमी धरला की उत्तर सुरक्षित बाजूला राहतं, असं सिनियर म्हणाले. बरोबर आहे ना? – वागळे इस्टेट

चूक आहे, आणि हीच चूक मला सगळ्यात जास्त भेटते. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बोरिस ब्रेस्लर यांनी 1960 मध्ये मांडलेलं सूत्र असं:

```
1/P = 1/Px + 1/Py - 1/P0
```

एक्सेन्ट्रिसिटी म्हणजे भार कॉलमच्या मध्यापासून जितका सरकलेला असतो ते अंतर. Px म्हणजे फक्त एका दिशेची एक्सेन्ट्रिसिटी असताना कॉलम किती भार घेईल तो आकडा. Py म्हणजे फक्त दुसऱ्या दिशेची असताना. P0 म्हणजे भार अगदी मध्यावर, एक्सेन्ट्रिसिटी शून्य. आता चिन्ह बघा: P0 चा भाग वजा होतो. P0 लहान केला की 1/P0 मोठा होतो, जास्त वजा होतं, 1/P लहान होतं आणि P फुगतो. बाकी हिशेबांत क्षमता कमी धरणं सुरक्षित असतं. इथे तेच उलट अंगावर येतं.

घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीचा कोपऱ्यातला कॉलम माझ्याकडे तपासायला आला होता. छेद 300 बाय 600 मिमी, काँक्रीट एम 30, स्टील एफई 500, 20 मिमीच्या आठ सळया: चार कोपऱ्यांत आणि चारही बाजूंच्या मध्यावर एकेक. परिणामी उंची 3.3 मीटर, तिला 300 ने भागलं की 11, म्हणजे 12 च्या आत, कॉलम आखूड. फॅक्टर्ड भार 1880 किलोन्यूटन, 600 च्या दिशेने मोमेंट 150 आणि 300 च्या दिशेने 94 किलोन्यूटन-मीटर. मोमेंटला भाराने भागा: एक्सेन्ट्रिसिटी 80 आणि 50 मिमी. सोबतच्या हिशेबाच्या शीटवर पिवळ्या हायलायटरने SAFE रंगवलेलं होतं.

छेद कोणत्या मोमेंटला किती भार घेतो हे दाखवणारे इंटरॅक्शन कर्व्ह मी स्वतः काढले. 80 मिमीला Px सुमारे 2490, 50 मिमीला Py सुमारे 2165 किलोन्यूटन. दोन्ही 1880 च्या वर, म्हणजे वेगवेगळ्या पडताळण्या आरामात पास. खरा P0 मिळतो 0.45 fck Ac + 0.75 fy Asc ने, तो 3338; fck आणि Ac म्हणजे काँक्रीटची ताकद आणि क्षेत्रफळ, fy आणि Asc म्हणजे स्टीलची. सूत्रात घातला की P येतो 1773. भार 1880 आहे. कॉलम नापास.

शीटमध्ये P0 होता 0.4 fck Ac + 0.67 fy Asc ने, म्हणजे 2972. तो घालून P येतो 1897, आणि कॉलम पास! आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय कोडच्या कलम 39.6 ने मी वेगळी तपासणी केली, तिथेही दोन दिशांच्या मोमेंट-गुणोत्तरांची बेरीज 1 च्या किंचित वर गेली. कोणत्याही योग्य मार्गाने हा कॉलम बसत नव्हता, एक चुकीचा आकडा त्याला बसवत होता.

0.4 आणि 0.67 चं सूत्र वाईट नाही, ते दुसऱ्या कामाचं आहे. लहानशी एक्सेन्ट्रिसिटी गृहीत धरून त्यात क्षमता आधीच कापलेली आहे. 39.6 च्या पडताळणीत Puz, म्हणजे मोमेंट नसतानाची भारक्षमता, काढायला जो सूत्रभाग आहे, तोच इथे P0 म्हणून घ्या.

आपली शीट चूक आहे का हे ओळखायला एक सोपी कसोटी सांगते. एका दिशेची एक्सेन्ट्रिसिटी शून्य करा. मग Py हाच P0 होतो, दोन पदं कटतात आणि उत्तर बरोबर Px यायला हवं, इथे 2490. वरच्या शीटमध्ये Py खऱ्या कर्व्हवरून 3338 आणि P0 2972, तर उत्तर आलं 2742. एकाच दिशेला वाकणारा कॉलम आपल्या स्वतःच्या कर्व्हपेक्षा जास्त भार घेऊ लागला! शीट उघडा आणि आजच ही कसोटी लावा. आकडा जुळला नाही तर त्या शीटवर आधी पास झालेले सगळे कॉलम पुन्हा काढा आणि तुमच्या प्रोजेक्टच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटला लेखी कळवा. सिनियरनी तोंडी सांगितलं होतं, हे कॉलमला ऐकू जात नाही.

Px आम्ही चार्टवर 150 मोमेंटला उभी रेघ मारून काढतो. ठीक? – घणसोली

नाही, मोमेंट धरून नाही, एक्सेन्ट्रिसिटी धरून. कर्व्हच्या शून्यबिंदूपासून तुमच्या भार-मोमेंटच्या बिंदूतून तिरकी सरळ रेघ काढा, ती कर्व्हला जिथे कापते तो भार Px. भार वाढतो तेव्हा मोमेंटही त्याच प्रमाणात वाढतो, हे गृहीत धरूनच सूत्र बांधलेलं आहे.

फरक किती पडतो ते वरच्याच कॉलमवर बघा. मोमेंट 150 वर अडवून वाचलं तर Px 2700 च्या आसपास, 94 वर अडवून Py 2390 च्या आसपास. खरा P0 3338 घालूनही P 2040 च्या पुढे जातो, आणि नापास कॉलम पुन्हा पास होतो.

दुसरी गोष्ट. एसपी 16 या डिझाइन पुस्तिकेचे चार्ट d'/D वर बदलतात: d' म्हणजे काँक्रीटच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर, D म्हणजे त्या दिशेची छेदाची खोली. या कॉलममध्ये d' 58 मिमी. 600 च्या दिशेला हे प्रमाण 0.10 च्या जवळ येतं आणि 300 च्या दिशेला 0.19, म्हणजे 0.20 चा चार्ट. एकाच कॉलमला दोन वेगळे चार्ट लागतात. दोन्ही दिशांना एकच चार्ट वापरलेल्या फाइली मी दर महिन्याला परत पाठवते.

वरच्या मजल्यांवरचे कोपऱ्याचे कॉलम याच पद्धतीने तपासू का? – खारघर

भार P0 च्या एक दशांशाहून कमी असेल तर नको. वरच्या कॉलमला ती मर्यादा 334 किलोन्यूटन. गच्चीखालच्या कॉलमवर भार थोडा आणि मोमेंट मोठा असतो, तिथे कॉलम बीमसारखा वागतो, म्हणून कलम 39.6 वापरा. भार Puz च्या 0.2 पर्यंत असला की तिथला घातांक 1 असतो, म्हणजे दोन गुणोत्तरांची सरळ बेरीज.

आमच्या बिल्डिंगला खाली स्टिल्ट पार्किंग आहे, त्यामुळे तळमजल्याचा कॉलम उंच आहे. वरच्या मजल्यांना बसलेला 300 चा कॉलम तिथेही तोच ठेवला. चालेल? – कोपरखैरणे

पुन्हा गणित केल्याशिवाय नाही. परिणामी उंची 4.2 मीटर धरा: 300 ने भागलं की 14, आखूडपणाची मर्यादा ओलांडली. आता कॉलम स्वतःच्या वाकण्यामुळे जादा मोमेंट अंगावर घेतो, आणि तो मोमेंट नेमका कमकुवत दिशेला.

वरच्याच भारावर हिशेब: Pu D / 2000 गुणिले 14 चा वर्ग, Pu म्हणजे 1880 चा भार आणि D म्हणजे 0.3 मीटर, उत्तर जवळपास 55 किलोन्यूटन-मीटर. कपातीचा गुणक लावून हा आकडा उतरू शकतो, पण तो लावायच्या आधी 94 चे 149 झालेले असतात आणि 50 मिमीची एक्सेन्ट्रिसिटी 79 वर जाते. हा जादा मोमेंट मिळवल्यानंतरच Py काढायचा, आधी नाही. रेसिप्रोकल सूत्राला उंची कळत नाही, ती तुम्ही आधी मोजायची. ड्रॉइंगवर सही करणाऱ्या कन्सल्टंटकडून हा हिशेब लेखी मागून घ्या. स्टिल्टच्या उंचीला आर्किटेक्टने शेवटच्या आठवड्यात अर्धा मीटर जोडला असेल तर काम थांबवून मागा; कॉलमचं काँक्रीट पडून गेल्यावर मागायची ही गोष्ट नाही.

एका रिपेअर एजन्सीने सोसायटीच्या सभेत सांगितलं, जॅकेटिंग घेतलं तर कॉलमची तपासणी फुकट करून देतो. सॉफ्टवेअरमध्ये सगळे कॉलम लाल दिसतात म्हणे. पैसे द्यायचे का? – ऐरोली

आत्ता देऊ नका. जॅकेट म्हणजे कॉलमभोवती चढवलेला नवा थर; जो तो विकतो त्यानेच कॉलम नापास ठरवायचा, या व्यवस्थेत तुमच्या बाजूने बोलणारं कोणी नाही.

लाल रंग नेमका कोणत्या आकड्यामुळे आला, हे त्यांना लेखी विचारा. काँक्रीटची ताकद मोजून घेतली की अंदाजे धरली? सळया स्कॅनरने शोधल्या की जुन्या ड्रॉइंगवरून? ड्रॉइंग नसलेल्या इमारतीत सळया कमी गृहीत धरल्या तर प्रत्येक कॉलम लाल दिसेल. उलट बाजूही सांगते: सगळे हिरवे दिसले म्हणूनही निर्धास्त राहू नका. कव्हर सुटलेलं, सळई गंजून बारीक झालेली, हे सॉफ्टवेअरला कोणीतरी जाऊन बघून सांगावं लागतं. एजन्सीशी संबंध नसलेला, महापालिकेच्या यादीतला स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतंत्र फी देऊन नेमा. आधी तपासणी, मग निविदा. खड्डे, भेगा, गंजाचे डाग आत्ताच दिसत असतील तर मात्र पुढच्या सभेची वाट बघू नका, याच आठवड्यात बोलवा.

स्टिल्टमधल्या कॉलमचा एक कोपरा दोन इंच फोडून पाइप आत घालायचा आहे. प्लंबर म्हणतो, काही होत नाही. – मानपाडा

फोडू नका. दोन्ही मोमेंटचा दाब ज्या कोपऱ्यावर एकत्र येतो, तोच तो असू शकतो, आणि त्यात कोपऱ्याची सळई असते. फोडून झाला असेल तर प्लंबरकडून सिमेंटने बुजवून घेऊ नका. फोटो काढा, त्या कॉलमजवळच्या गाड्या हलवा आणि इंजिनिअर येऊन बघेपर्यंत त्याला हात लावू नका.