उचल न घेता कापलेले 1,768 रुपये

प्रश्न: माझ्या मुलाला क्लार्कची नोकरी लागली. पत्रात महिना वीस हजार होते, खात्यात पंधराच आले. स्लिपवर पीएफ, ईएसआयसी, पीटी अशी कपात दिसते. कंपनी फसवतेय का? हे पैसे परत मिळतात का?

आमच्या घरात 7 सप्टेंबर 2022 ला हेच झालं होतं. मी 1 ऑगस्टला शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्लार्क म्हणून लागलो. पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला होणार होता. घरचा गणपती गौरीबरोबर दोन दिवस आधीच गेला होता, तरी आईने देव्हाऱ्यापुढची रांगोळी मोडली नव्हती. पगाराचे पेढे तिथेच ठेवायचे होते. दुपारी चारच्या सुमारास बँकेचा मेसेज आला: 15,232 रुपये जमा.

आईचा हिशेब महिनाभर आधीच झाला होता. घरभाडं, भिशीचे दोन हजार, किराणा दुकानाची मागची बाकी, धाकटीच्या डिप्लोमाच्या फीसाठी पाच हजार बाजूला, हे सगळं तिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं. वर आकडा होता वीस हजार, कारण मीच तिला वीस हजार सांगितले होते.

वडील इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात. त्यांचा पगार आठवड्याचा, रोख. त्यांच्या कामात पैसे कापले जातात ते दोनच कारणांनी: आधी उचल घेतलेली असते, नाहीतर कापडात दोष निघालेला असतो. त्यामुळे मोबाइल पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आरं, उचल घेतली हुतीस व्हय?"

"न्हाई, आप्पा."

"मग काय बिघडवलंस का हापिसात?"

त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेढे तसेच राहिले. तुमच्या घरात आत्ता काय वातावरण असेल ते मला चांगलं कळतंय, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितो.

दुसऱ्या दिवशी मी नेमणुकीचं पत्र आणि पगाराची स्लिप घेऊन अकाउंट्सच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी स्लिप बाजूला ठेवली आणि पत्राच्या शेवटच्या पानावरचा तक्ता उघडला. तिथे वर्षाची सीटीसी होती 2,39,916, म्हणजे महिन्याला 19,993. सीटीसी म्हणजे माझ्यामागे कंपनीला येणारा सगळा खर्च. तो माझा पगार नव्हे, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझा पगार, म्हणजे ग्रॉस, त्याच तक्त्यात वर लिहिला होता: बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 12,000, घरभाडे भत्ता 3,600, प्रवास भत्ता 1,400. एकूण 17,000.

उरलेले 2,993 रुपये कुणी कापले नव्हते. त्यात पीएफमधला कंपनीचा हिस्सा होता 1,440, ईएसआयसी म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्यविम्यातला कंपनीचा हिस्सा 553, आणि दिवाळीला मिळणाऱ्या बोनसचे महिन्याला धरलेले 1,000. म्हणजे आईच्या कॅलेंडरवरचा आकडाच तीन हजारांनी जास्त होता. तुमच्या मुलाच्या पत्रातही तो तक्ता आधी शोधा. खात्यातली रक्कम वीस हजारांशी ताडून पाहू नका, ग्रॉसशी पाहा.

खरी कपात सतरा हजारांतून झाली होती आणि तीन ओळींत होती: पीएफ 1,440, ईएसआयसी 128, पीटी 200. मिळून 1,768.

संध्याकाळी घरी मी हे तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले. आप्पा समोर बसले. पीएफचा दर बेसिक आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के, म्हणून 12,000 वर 1,440. आई म्हणाली, "आपल्याला नको म्हणून सांग की त्यांना." मीही हेच विचारून आलो होतो. ज्या कंपनीला पीएफ लागू आहे तिथे बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 15,000 पर्यंत असेल, तर नव्या कामगाराला पीएफ सक्तीचा असतो. नको म्हणता येत नाही. पण ती रक्कम माझ्याच नावावर साठते, त्यावर दरवर्षी व्याज मिळतं (त्या वर्षी 8.15 टक्के मिळालं) आणि नोकरी बदलली तरी यूएएन हा पीएफचा कायमचा क्रमांक तोच राहतो. आजारपण, घर, लग्न अशा कारणांसाठी नियमात बसेल तेवढी रक्कम मध्येही काढता येते. परत मिळतात का, हा तुमचा प्रश्न. पीएफचे मिळतात, व्याजासकट.

पीटी म्हणजे व्यवसाय कर. तो राज्य सरकारकडे जातो आणि परत येत नाही. महाराष्ट्रात दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचे महिन्याला 200 कापले जातात आणि फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500 भरायचे असतात, म्हणून फेब्रुवारीत शंभर जास्त. मार्चमध्ये पगार पाहून पुन्हा घाबरू नका. (मुलगी नोकरीला लागली तर एप्रिल 2023 पासून महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही.)

ईएसआयसीच्या 128 रुपयांकडे त्या रात्री आमच्यापैकी कुणी नीट पाहिलं नाही. आकडा लहान होता म्हणून. आज मला वाटतं, आमच्या घरासाठी स्लिपवरची सगळ्यात मोलाची ओळ तीच होती. ही योजना महिना 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांसाठी आहे. माझ्याकडून पगाराच्या पाऊण टक्का, कंपनीकडून सव्वातीन टक्के. त्या बदल्यात नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मला आणि माझ्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला औषधोपचार मिळतात. आईवडील अवलंबून धरले जातात ते त्यांचं महिन्याचं उत्पन्न 9,000 च्या आत असेल तर. आप्पांची कमाई त्याच्या वर होती, म्हणून ते बसत नव्हते. आई बसत होती, आणि तिच्या साखरेच्या गोळ्यांवर दर महिन्याला या 128 पेक्षा कितीतरी जास्त पैसे जात होते.

पण ऑक्टोबरमध्ये तिला नेमून दिलेल्या दवाखान्यात घेऊन गेलो, तेव्हा खिडकीवर सांगितलं की कार्डावर फक्त माझंच नाव आहे. रुजू होताना भरलेल्या फॉर्मवर कुटुंबाचा तक्ता मी रिकामा सोडला होता. लग्न झालेलं नाही, मग काय लिहायचं, असं मला वाटलं होतं. त्या दिवशी आई ऊन उतरेपर्यंत बसस्टॉपवर बसून होती आणि आम्ही गोळ्या पुन्हा विकतच आणल्या. नंतर तिचं आधार आणि फोटो देऊन कंपनीमार्फत नाव चढवून घेतलं, मग औषधं मिळायला लागली. तुम्ही आणि मुलाचे वडील यांच्यापैकी कुणी त्याच्यावर अवलंबून असाल, तर त्याच्या ईएसआयसीच्या कार्डावर तुमचं नाव आहे का, हे त्याला याच आठवड्यात बघायला सांगा.

आता फसवणुकीबद्दल. आप्पांना माझी वही पटली नव्हती. ते म्हणाले, "कापलं ते दिसलं. भरलं ते कुठं दिसतंय?" माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात खरा प्रश्न तोच होता. पगारातून कापणं आणि खात्यात भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसे कापून न भरणाऱ्या कंपन्या असतात. महिन्याचा पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. माझे ऑगस्टचे पैसे 15 सप्टेंबरपर्यंत जायला हवे होते. स्लिपवर यूएएन होता. तो मोबाइलवर सुरू करून घेतला आणि उमंग ॲपमध्ये पासबुक उघडत राहिलो. पंधरा तारखेनंतर काही दिवस ते कोरंच होतं. आप्पा कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी विचारायचे, "पडलं का?"

महिनाअखेरीस नोंद दिसली, आणि तिने नवा प्रश्न उभा केला. माझा हिस्सा 1,440, कंपनीचा हिस्सा फक्त 440. आप्पा लगेच म्हणाले, "हजार खाल्लं की मालकानं!" तसं नव्हतं. शेजारच्या तिसऱ्या रकान्यात पेन्शन म्हणून 1,000 होते. कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेलेच पीएफच्या शिलकीत मिळतात. पेन्शनचे पैसे पीएफसारखे व्याजासह साठत नाहीत. दहा वर्षं नोकरी भरली तर 58 व्या वर्षापासून त्यातून महिन्याचं निवृत्तिवेतन मिळतं. मुलाच्या पासबुकात तिन्ही रकाने मिळवून पाहा. माझ्या बाबतीत 1,440, 440 आणि 1,000 मिळून 2,880 होतात, म्हणजे दोघांचे 1,440 पूर्ण भरलेले.

खोट कुठे असू शकते, तेही मॅडमनीच सांगितलं होतं. स्लिपवर कपातीच्या बाजूला पीएफ 12 टक्क्यांऐवजी 24 टक्के दिसला, म्हणजे ग्रॉसमधूनच दोन्ही हिस्से कापले असतील, तर ते बेकायदेशीर आहे. कंपनीने आपला हिस्सा सीटीसीच्या तक्त्यात धरणं वेगळं आणि तुमच्या ग्रॉसमधून तो वसूल करणं वेगळं. तसंच 15 तारीख उलटून महिना झाला तरी पासबुक कोरं असेल, तर आधी कंपनीत लेखी विचारायचं, आणि उत्तर नाही आलं तर पीएफ कार्यालयाच्या epfigms.gov.in या साइटवर तक्रार करायची.

पासबुकातली नोंद आप्पांनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि आईला म्हणाले, "उचल न्हाई ही. ठेव हाय." मग आईने कॅलेंडर उलटं केलं, वरचे वीस हजार खोडून 15,232 लिहिलं, आणि फीचे पाच हजार तसेच ठेवून भिशी एका वर्षासाठी बंद केली.