‘दुःखद निधन’, ‘श्रद्धांजली’ आणि घरच्यांना जाणारं पत्र

प्रश्न : आमच्या कारखान्यात टूलरूमला 22 वर्षं फिटर असलेले एक सहकारी मागच्या आठवड्यात हृदयविकाराने गेले. मालकांच्या सहीने त्यांच्या पत्नीला पत्र पाठवायचं आहे. मसुदा असा झालाय : ‘कै. अमुक यांच्या दुःखद निधनाचे वृत्त कळविण्यास अत्यंत दुःख होत आहे. त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. कंपनी परिवारातर्फे भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्या संवेदना आपल्यासोबत आहेत.’ एकजण म्हणतो, ‘दुःखद निधन’ ही द्विरुक्ती आहे. खरं का? आणि ‘श्रद्धांजली’ इथे चालेल?

उत्तर : द्विरुक्ती म्हणता येणार नाही. ‘निधन’ म्हणजे शेवट, मृत्यू. त्यात दुःखाचा अर्थ मुळात नाही. ‘सुखद निधन’ असं कुणी लिहीत नसल्यामुळे ‘दुःखद’ने माहितीत काही भर पडत नाही, एवढाच त्या सहकाऱ्याच्या आक्षेपात दम. पण रूढ जोडशब्दांना हा नियम लावत बसलो तर निम्मी मराठी छाटावी लागेल. अडचण आहे ती वेगळीच. ‘दुःखद निधन’ ही बातमीची भाषा आहे. वर्तमानपत्रातल्या चौकटीत, सोसायटीच्या फळ्यावर, जिथे वाचणाऱ्याला अजून काही ठाऊक नाही तिथे ती शोभते. तुमचं पत्र कुणाला जातंय? जिच्या डोळ्यांदेखत हे झालं तिला. तिला तिच्याच नवऱ्याचं निधन ‘दुःखद’ होतं हे आपण सांगायचं, म्हणजे फार झालं. त्याहून वाईट म्हणजे ‘वृत्त कळविण्यास दुःख होत आहे’. अहो, वृत्त तिने तुम्हाला कळवलं! हे वाक्य कारखान्याच्या सूचनाफलकावरून पत्रात उतरलेलं दिसतंय. तिथे ते बरोबर होतं.

मसुद्यातल्या बाकीच्या चुकाही बहुतेक याच जातीच्या आहेत. दुःखाच्या शब्दांना दिशा असते. काही गेलेल्याकडे बघून बोलायचे, काही मागे राहिलेल्यांकडे, आणि काही स्वतःबद्दलचे. ‘श्रद्धांजली’ पहिल्या प्रकारातली. अंजली म्हणजे ओंजळ. श्रद्धेने भरलेली ओंजळ गेलेल्या माणसाला वाहायची असते, त्याच्या पत्नीला नव्हे. म्हणून शोकसभेत, तसबिरीखाली, जाहिरातीत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ अगदी जागच्या जागी बसते, आणि घरी जाणाऱ्या पत्रात अधांतरी राहते. ‘श्रद्धा’ हा शब्द नको वाटणारे ‘आदरांजली’ लिहितात. दिशा तीच, त्यामुळे इथे तीही नको. घरच्यांचं करायचं असतं ते सांत्वन. ‘सांत्वना’ नव्हे, मराठीत ‘सांत्वन’, नपुंसकलिंगी : सांत्वन केलं. पण गंमत अशी की ‘आम्ही आपले सांत्वन करतो’ असंही पत्रात लिहायचं नसतं. सांत्वन पत्राने होतं, त्या शब्दाने होत नाही.

‘संवेदना’वर मात्र सरळ लाल रेघ मारा. शोक व्यक्त करण्यासाठी ‘संवेदना’ हे हिंदीत चालतं. मराठीत संवेदना म्हणजे जाणीव. थंडीने बोटांच्या संवेदना गेल्या, असं आपण म्हणतो. ‘आमच्या संवेदना आपल्यासोबत आहेत’ हे वाक्य हल्ली पुढाऱ्यांच्या शोकसंदेशांत इतकं दिसतं की कानाला मराठी वाटू लागलंय. शब्दच हवा असेल तर ‘सहवेदना’ आहे. ‘सहानुभूती’ मूळ अर्थाने तशीच, पण तिला आता कीव केल्याचा वास येतो. मला विचाराल तर ‘आपल्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत’ हे जुनं वाक्य अजून पुरतं. गुळगुळीत आहे, मान्य. पण अशा पत्रात थोडं गुळगुळीत चालतं, खोटं चालत नाही.

आणि ती ‘पोकळी’ इथे खोटी ठरते. टूलरूममधल्या जागेवर महिना-दोन महिन्यांत दुसरा माणूस येणार, हे त्या बाईंनाही माहीत आहे. ‘कंपनीने एक मोलाचा कर्मचारी गमावला’ हेही तसंच. शब्द चुकीचा नाही, पण जिचं सगळं गेलंय तिच्यासमोर कंपनी आपला तोटा मांडतेय. शिवाय कंपनीला दुःख होत नाही, माणसांना होतं. म्हणून ‘कंपनी परिवार’ काढून ‘टूलरूममधल्या सगळ्यांना’ असं लिहा. तेवढ्यावर पत्राचा आवाज बदलतो.

आता ‘कै.’. कैलासवासी म्हणजे शिवाच्या लोकी गेलेला. वारकऱ्यांच्या घरात ‘वैकुंठवासी’ म्हणतात. ख्रिस्ती घरात ‘ख्रिस्तवासी’, मुसलमान घरात ‘पैगंबरवासी’ किंवा ‘मरहूम’, बौद्ध घरात ‘कालकथित’. पालीत ‘काल करणे’ म्हणजेच मरण पावणे. म्हणजे हे एवढंसं ‘कै.’ वाटतं तितकं तटस्थ नाही. कार्यालयं त्यावर ‘दिवंगत’ हा उतारा काढतात. व्युत्पत्ती बघायला गेलात तर ‘दिवंगत’ म्हणजेही स्वर्गाला गेलेला, पण वापराने त्यातला स्वर्ग पुसला गेलाय, म्हणून तो सगळीकडे चालतो. जाहिरातीत तो घ्या. पत्नीला लिहिताना मात्र मी तोही घेणार नाही. ‘अमुकराव’ किंवा नुसतं पूर्ण नाव आणि पुढे ‘यांच्या’. आपल्या भाषेतलं आदरार्थी बहुवचन एवढं काम एकट्याने करतं. आठवडाभरापूर्वीपर्यंत ‘श्री.’ असलेल्या नावामागे ‘कै.’ लागलेलं पहिल्यांदा दिसतं तेव्हा जे होतं, ते निदान आपल्या लेटरहेडवर व्हायला नको.

हीच गोष्ट ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ची. सरकारी कागदात ‘श्रीमती’ आता कुणाही स्त्रीला लावतात, पण घरोघरी तिचा जुना अर्थ जिवंत आहे. दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यावर तुमच्याच ऑफिसने ‘सौ.’ टाकलं असेल आणि या पाकिटावर ‘श्रीमती’ आलं, तर ते डोळ्यांना बोचणार. दोन्ही टाळता येतात. मालकांची ओळख असेल तर ‘आदरणीय वहिनी’, नसेल तर नावापुढे ‘ताई’. वर ‘श्री’ घालू नका. दुःखाच्या पत्राला श्रीकार नसतो. ‘स.न.वि.वि.’ आणि ‘कळावे, लोभ असावा’ हेही गाळा.

संयमाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. कोरडेपणाला संयम समजायची चूक फार होते. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या ऑफिसातून पत्र आलं होतं. वर जावक क्रमांक, खाली ‘विषय : मयत कर्मचाऱ्याच्या वारसांचे सांत्वन’. ‘मयत’ हा अरबीतून आलेला शब्द सातबारावर, पंचनाम्यात, वारसनोंदीत आपलं काम चोख करतो. पण आईने ते पत्र वाचलं आणि घडी घालून वीजबिलांच्या फाईलला लावलं. तिच्या दृष्टीने ते तिथलंच होतं. तेव्हा विषय, संदर्भ, जावक क्रमांक, ‘मयत’, ‘वारस’, यातलं काहीही या पत्रात नको. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांचे कागद वेगळ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी. पत्रात त्याबद्दल एकच ओळ : अमुक माणूस घरी येऊन सगळं बघेल.

दुसऱ्या टोकाला ‘शोकसागरात बुडालो’, ‘काळाने घाला घातला’, ‘प्राणज्योत मालवली’. ही शब्दकळा पत्र लिहिणाऱ्याकडे लक्ष वेधते. ‘मृतात्म्यास चिरशांती लाभो’ बद्दल लोक वाद घालतात की आत्मा मरत नाही, मग मृतात्मा कसा? समास ‘मृताचा आत्मा’ असा सोडवला की वाद मिटतो. पण घरच्यांची श्रद्धा आपल्याला माहीत नसेल तर ती प्रार्थना त्यांच्याकडेच राहू द्यावी.

एक सावधगिरी. तुमच्याकडे हृदयविकार होता म्हणून ठीक, पण कुणी कामावर असताना अपघातात गेलं तर ‘दुर्दैवी अपघात’ लिहू नका. ‘दुर्दैवी’ म्हटलं की दोष दैवावर गेला, आणि यंत्राला गार्ड होतं की नव्हतं याची चौकशी अजून व्हायची असते. घरचे हा शब्द बरोबर हेरतात. ‘कामावर असताना झालेल्या अपघातात’ एवढंच लिहावं.

आता मसुदा. कंसातला मजकूर टूलरूममध्ये विचारून, खरा असेल तोच घाला :

> आदरणीय वहिनी,
>
> अमुकराव गेल्याचे मंगळवारी सकाळी कळले. टूलरूममधल्या कोणालाच त्या दिवशी काम सुचले नाही.
>
> ते 22 वर्षे आमच्याबरोबर होते. (नव्याने आलेल्या मुलांना कानस कशी धरायची हे ते स्वतः हात धरून शिकवत. आज टूलरूममध्ये असलेले चारजण त्यांच्या हाताखाली तयार झाले आहेत.) त्यांच्या कामाबद्दल मला कधी दुसऱ्यांदा विचारावे लागले नाही.
>
> आपल्या आणि मुलांच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत.
>
> कार्यालयीन कागदपत्रांची काळजी करू नये. आमचे अमुक हे आपल्या सोयीने घरी येऊन ती पूर्ण करून देतील. काही लागल्यास मला थेट फोन करावा.
>
> आपला,
> (सही)

बघा, यात ‘निधन’ही आलं नाही. ‘गेले’ हा घरात बोलला जाणारा शब्द आहे आणि मालक ओळखीचे असतील तर तोच बरा. ओळख नसेल तर पहिलं वाक्य ‘आपल्या पतींच्या निधनाचे वृत्त मंगळवारी सकाळी समजले’ असं करा. ‘कळविण्यास’ आणि ‘समजले’ यांत किती अंतर आहे ते तिथे लगेच दिसतं. ‘मृत्यू’ व्याकरणाला चालतो, पण तो दाखल्यावरचा शब्द आहे. ‘वारले’ बोलण्यात सभ्य, पण मालकाच्या पत्रात थोडा परका वाटतो.

शुद्धलेखनाचं एकच, कारण हे हमखास चुकतं : ‘कुटुंबिय’ नव्हे, ‘कुटुंबीय’. आणि ‘दुःख’मधला विसर्ग टाइप करताना बरेचजण कोलनची कळ दाबतात. छापल्यावर ‘दु:ख’मधल्या त्या दोन टिंबांच्या आजूबाजूला फट पडते आणि शब्द मधोमध तुटल्यासारखा दिसतो. विसर्गाची कळ वेगळी असते, ती वापरा.

पाकीट कुरिअरने नको. टूलरूममधला कुणीतरी दहाव्याच्या आत घरी जाणारच असेल, त्याच्या हाती द्या.