एका शब्दात वाक्य: समासापेक्षा यात वेगळं काय?

"संस्कृतातही ओळभर लांबीचे समास असतातच. मग नाहुआत्ल किंवा अलास्कातल्या भाषांत 'एका शब्दात अख्खं वाक्य' असतं म्हणतात, त्यात वेगळं काय? मध्ये जागा न सोडता लिहिलं एवढंच ना?"

नाही, लिहिण्याच्या पद्धतीशी याचा संबंध नाही. संस्कृतातला समास कितीही लांबला तरी तो नाम, विशेषण फार तर अव्यय होतो. कोणी काय केलं हे सांगायला क्रियापद वेगळं आणावंच लागतं. इथे उलट नामच क्रियापदाच्या पोटात शिरतं, आणि त्यामुळे वाक्याचं व्याकरण बदलतं.

मेक्सिकोतल्या नाहुआत्लचं जुनं, अभ्यासकांच्या नेहमीच्या वापरातलं उदाहरण घेऊ. 'क्वा' म्हणजे खाणे, 'नि-' म्हणजे मी. मांसाला शब्द आहे 'नाकात्ल'. त्यातला '-त्ल' हा नाम स्वतंत्र उभं असताना लागणारा प्रत्यय. 'मी ते मांस खातो' हे असं म्हणतात:

नि-क्-क्वा इन नाकात्ल

मधला 'क्' म्हणजे 'त्याला'. कर्म बाहेर असलं तरी त्याची खूण क्रियापदात ठेवावीच लागते. आता दुसरं वाक्य बघा:

नि-नाका-क्वा

'मी मांस खातो', म्हणजे मांसाहार करतो. इथे दोन गोष्टी एकदम घडल्या. 'नाकात्ल'चा '-त्ल' गळला आणि 'क्'सुद्धा गेला, कारण कर्माची जागा आता नामानेच घेतली. क्रियापद अकर्मक झालं. उच्चारातही हा एकच शब्द आहे: नाहुआत्लमध्ये आघात शब्दाच्या उपान्त्य अक्षरावर येतो, आणि 'निनाकाक्वा'त तो एकदाच, 'का'वर येतो. अर्थही सरकतो. पहिल्या वाक्यात समोरचं ठरावीक मांस आहे, दुसऱ्यात कुठलंच विशिष्ट मांस नाही.

मराठीत याच्या जवळ जाणारं काही आहे का? 'तो सध्या मुली पाहतोय' यातही मुली कोण ते ठरलेलं नसतं, 'मुली पाहणे' ही एकच क्रिया वाटते. पण 'त्याने तीन मुली पाहिल्या' म्हणताच क्रियापद मुलींच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं, आणि मध्ये 'तीन' घालता येतं. म्हणजे अर्थाने नाम क्रियापदाला चिकटलं असलं तरी व्याकरणाने ते बाहेरच आहे. मला ही कसोटी फार उपयोगी वाटते, कारण ती शब्दाच्या लांबीवर अवलंबून नाही.

नाहुआत्लमध्ये याहून गमतीची रचना अवयवांची. 'केच' म्हणजे मान, 'कोतोना' म्हणजे कापणे, तोडणे. 'नि-क्-केच-कोतोना' म्हणजे 'मी त्याची मान कापतो'. इथे नाम आत गेलं, तरी 'क्' टिकून आहे! तो मानेचा नाही; ज्याची मान आहे त्याचा आहे. मराठीत 'त्याची' ही षष्ठी मानेशी जोडलेली असते, तर इथे मान क्रियापदात गेल्यावर तिचा मालकच थेट कर्म होतो. नुसता शब्द जोडून लिहिण्याने असं काही घडलं नसतं.

आता अलास्काकडे. तिथल्या यूपिक भाषेतला हा शब्द पुष्कळ ठिकाणी दिलेला असतो:

तुन्तु-स्सु-कातार-नि-क्साइते-ङ्किग्त-उक

'तो रेनडिअरच्या शिकारीला जाणार आहे असं त्याने अजून पुन्हा सांगितलं नव्हतं.' तुकडे क्रमाने असे: रेनडिअर, शिकार करणे, जाणार असणे, म्हणणे, अजून नाही, पुन्हा, तो. पण यात स्वतंत्र उभा राहू शकणारा धातू एकच, 'तुन्तु'. 'शिकार करणे' आणि 'म्हणणे' अर्थाचे तुकडे प्रत्यय आहेत. एकेकटे बोलता येत नाहीत. नाहुआत्लमधलं 'क्वा' मात्र नामाशिवायही चालतं. म्हणून बहुसंश्लेषी भाषा आणि नामसमावेश या दोन गोष्टी एकच समजू नयेत. पहिल्या संज्ञेत शब्दात किती घटक मावतात याचा विचार आहे, दुसरीत नाम-धातू आणि क्रिया-धातू एकत्र येण्याचा.

आपल्या देशातही नामसमावेश आहे. ओडिशा-आंध्र सीमेवरच्या सोरा भाषेत (मुंडा कुळातली, गिडुगु राममूर्तींनी तिच्यावर मोठं काम केलं) 'ञाम-किड-त-अम' म्हणजे 'वाघ तुला धरेल'. 'ञाम' धरणे, 'किड' वाघ, 'अम' तुला. वाघाचा स्वतंत्र शब्द 'किना' आहे, क्रियापदात शिरताना त्याचं हे आखूड रूप वापरतात. शिवाय जगात बहुतेक ठिकाणी आत शिरतं ते कर्म, इथे मात्र शिरलाय कर्ता. म्हणूनच 'कर्त्याचा समावेश होत नाही' असा नियम मांडणाऱ्यांना सोरा अडचणीत आणते.