पोर्टफोलिओच्या स्क्रीनशॉटवरून सेक्टरनिहाय टक्केवारी कशी काढायची?

प्रश्न: माझ्याकडे ब्रोकरच्या अ‍ॅपमधल्या होल्डिंग्जचा स्क्रीनशॉट आहे. सात शेअर आणि दोन ईटीएफ. कुठल्या सेक्टरमध्ये किती टक्के पैसे आहेत ते यावरून कसं काढायचं? आणि एकाच सेक्टरमध्ये जास्त अडकलोय हे कशावरून ओळखायचं?

उत्तर:

यात गणित सोपं आहे. चुका होतात त्या स्क्रीनवरचे आकडे उतरवताना आणि ईटीएफ कुठल्या खान्यात टाकायचा हे ठरवताना, म्हणून त्या दोन गोष्टींवरच जास्त लिहितो.

आधी कुठला आकडा घ्यायचा ते ठरवा. स्क्रीनवर प्रत्येक नावापुढे साधारणपणे `Qty.`, `Avg.`, `LTP`, `Invested`, `Current` आणि नफा-तोटा असतो. टक्केवारीसाठी फक्त `Current`, म्हणजे आजचं बाजारमूल्य घ्यायचं. बरेच जण `Invested` घेतात, कारण "मी तिथे एवढेच तर टाकले होते" असं वाटतं. पण जो शेअर खूप वाढलाय तोच त्या रकान्यात लहान दिसतो. समजा एका बँकेत तुम्ही ८०,००० टाकलेत आणि एकूण गुंतवणूक ६,४०,००० आहे, तर वाटा १२.५ टक्के दिसेल. आज त्याच शेअरचे १,७६,००० झालेत आणि एकूण ८,००,००० असतील, तर खरा वाटा २२ टक्के आहे. उद्या तो शेअर पडला तर फटका २२ टक्क्यांवर बसणार आहे, १२.५ वर नाही.

स्क्रीनशॉट बाजार बंद झाल्यावर घ्या. यादी दोन स्क्रीनमध्ये मावत असेल आणि बाजार चालू असेल, तर दोन्ही फोटोंच्या मधल्या मिनिटात भाव हलतात आणि ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. मग फरक भावामुळे पडलाय की उतरवण्यात चूक झालीय हे कळायला मार्ग राहत नाही. फोटो दुसऱ्या कुणाला पाठवणार असाल तर नाव आणि क्लायंट आयडी आधी कापून टाका.

नऊच ओळी असतील तर हाताने टाइप करणं सगळ्यात बरं. फोटोतला मजकूर फोनवर कॉपी करता येतो, पण त्यात रकाने विस्कटतात आणि दशांश चिन्ह हरवतं: १,६००.०० चे १,६०,००० होतात. कुठल्याही मार्गाने उतरवलं तरी प्रत्येक ओळीला `Qty.` गुणिले `LTP` करून `Current` येतं का ते पाहा. ११० शेअर, भाव १,६००, म्हणजे १,७६,००० यायलाच हवेत. शंभरपट आले तर दशांश चिन्ह हरवलंय.

ओळी तपासून झाल्या की `Current` ची बेरीज स्क्रीनच्या वरच्या एकूण मूल्याशी ताडून बघा. रुपया-दोन रुपयांचा फरक असेल तर ते राउंडिंग आहे, सोडून द्या. फरक बरोबर एखाद्या ओळीएवढा असेल तर ती ओळ एकतर दोनदा आलीय (स्क्रोल करताना पहिल्या फोटोतली शेवटची ओळ दुसऱ्यातही येते) किंवा खालच्या पट्टीआड जाऊन सुटलीय. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटे पडल्याचा दाट संशय घ्या. ५६,००० चे ६५,००० झाले की फरक ९,००० येतो. जमाखर्च लिहिणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे आणि इथे फार उपयोगी पडते.

आता सेक्टर. वर्गीकरण कुठलंही एकच घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. जगभर सर्वाधिक वापरलं जाणारं जीआयसीएस हे वर्गीकरण एमएससीआय आणि एस अँड पी यांनी १९९९ साली आणलं आणि त्यात ११ सेक्टर आहेत. एका साइटवरून तीन नावं आणि दुसरीवरून चार असं केलंत तर आकडे बिघडतात, कारण सीमारेषा सगळीकडे सारख्या नसतात. व्हिसा आणि मास्टरकार्ड मार्च २०२३ पर्यंत जीआयसीएसमध्ये आयटीत होत्या, नंतर त्या वित्तीय सेवांमध्ये गेल्या. धंदा होता तसाच राहिला, पण ज्यांच्याकडे हे शेअर होते त्यांची सेक्टरची टक्केवारी एका दिवसात बदलली.

तुमचे आकडे प्रश्नात नाहीत म्हणून नऊ नावांचा एक नमुना घेतो. पहिली बँक १,७६,०००, दुसरी बँक ९६,०००, विमा कंपनी ६४,०००, घरकर्ज देणारी कंपनी ४८,०००, सॉफ्टवेअर सेवा १,२०,०००, औषध कंपनी ८०,०००, साबण-टूथपेस्ट बनवणारी कंपनी ५६,०००. शिवाय बँक निर्देशांकाचा ईटीएफ ७२,००० आणि संपूर्ण बाजाराच्या निर्देशांकाचा ईटीएफ ८८,०००. एकूण ८,००,०००.

वरवर पाहिलं तर बँका, विमा, घरकर्ज, सॉफ्टवेअर, औषधं, साबण आणि दोन ईटीएफ, म्हणजे भरपूर विखुरलेलं वाटतं. पण पहिली चारही नावं वित्तीय सेवांतली आहेत. त्यांची बेरीज ३,८४,०००, म्हणजे ४८ टक्के. अनेक जण इथेच थांबतात आणि ईटीएफना "ईटीएफ" नावाच्या वेगळ्या खान्यात ठेवतात. हा खाना मी कधीच ठेवत नाही. ईटीएफ हे वेष्टन आहे, सेक्टर नव्हे. त्याच्या आत काय आहे ते फंड हाउसच्या फॅक्टशीटमध्ये टक्क्यांसकट दिलेलं असतं. ते घेऊन ईटीएफची एक ओळ जितके सेक्टर तितक्या ओळींत फोडायची.

बँक ईटीएफचे ७२,००० सगळेच्या सगळे वित्तीय सेवांत जातील. मोठ्या निर्देशांकाच्या फॅक्टशीटमध्ये वित्तीय सेवा ३० टक्के, आयटी २०, आरोग्य १०, नित्योपयोगी वस्तू १० आणि बाकी सगळं ३० असं आहे असं धरू. मग ८८,००० चे २६,४००, १७,६००, ८,८००, ८,८०० आणि २६,४०० असे तुकडे पडतात. सात शेअर, बँक ईटीएफची एक आणि या पाच मिळून १३ ओळी झाल्या. शीटमध्ये A रकान्यात नाव, B मध्ये सेक्टर, C मध्ये मूल्य ठेवा. F मध्ये सेक्टरांची नावं एकेकदा लिहा आणि G2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=SUMIF($B$2:$B$14,F2,$C$2:$C$14)/SUM($C$2:$C$14)
```

नमुन्यात वित्तीय सेवा ६०.३ टक्के, आयटी १७.२, आरोग्य ११.१, नित्योपयोगी वस्तू ८.१ आणि इतर ३.३ येतात. G ची बेरीज १०० टक्केच यायला हवी. कमी आली तर बहुतेक वेळा B मध्ये सेक्टरचं नाव वेगळ्या स्पेलिंगने पडलेलं असतं आणि `SUMIF` त्या ओळी गुपचूप सोडून देतो.

असंच एका शेअरसाठीही करून बघा. समजा पहिल्या बँकेचं वजन बँक ईटीएफमध्ये २५ टक्के आणि मोठ्या निर्देशांकात १० टक्के आहे. तुमच्या ९ टक्के बँक ईटीएफमधून तिचे २.२५ आणि ११ टक्के मोठ्या ईटीएफमधून १.१ टक्के येतात. स्क्रीनवर २२ दिसणारी ही बँक प्रत्यक्षात २५.३५ टक्के आहे.

आता किती म्हणजे जास्त? पक्की रेघ अशी कुठेच नाही, पण नियामकांनी फंडांसाठी आखलेल्या मर्यादा अंदाजाला बऱ्या पडतात. अमेरिकेत फंडाने एका उद्योगात २५ टक्क्यांहून जास्त पैसे ठेवले की ते केंद्रीकरण मानलं जातं आणि तसं धोरण आधी जाहीर करावं लागतं. युरोपातल्या यूसिट्स फंडांना सर्वसाधारणपणे एका कंपनीत १० टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि ५ टक्क्यांच्या वरच्या सगळ्या कंपन्या मिळून ४० टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. घरच्या पोर्टफोलिओला हे नियम लागू नाहीत, आणि फक्त सात शेअर असले की १० टक्क्यांची मर्यादा पाळणं शक्यही नसतं.

म्हणून मी दोन कसोट्या एकत्र लावतो. सेक्टर ३० टक्क्यांच्या वर आहे का, आणि मोठ्या निर्देशांकातल्या त्याच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त आहे का? दोन्हींचं उत्तर हो आलं तर लाल खूण. दुसरी कसोटी यासाठी की काही बाजारांत एखादा सेक्टर मुळातच ३० टक्के असतो, आणि निर्देशांकाएवढंच वजन ठेवणाऱ्याला इशारा देण्यात अर्थ नाही. नमुन्यात वित्तीय सेवा ६०.३ टक्के आहेत आणि निर्देशांकात ३०. म्हणजे दुप्पट, लाल खूण पक्की. आयटी १७.२ आहे, त्याला काही करायची गरज नाही. एका शेअरसाठी मी १५ टक्क्यांवर खूण करतो, त्यामुळे पहिल्या बँकेलाही खूण लागते.

आणखी एक आकडा काढण्यासारखा आहे:

```
=1/SUMSQ(G2:G6)
```

पाच सेक्टरांत पैसे सारखे वाटलेले असते तर याचं उत्तर ५ आलं असतं. नमुन्यात ते साधारण २.४ येतं. नावं नऊ आणि खाने पाच असले तरी विखुरणं जेमतेम अडीच सेक्टरांएवढं आहे.

सेक्टरच्या नावापलीकडेही थोडं बघा. सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपनीचे मोठे ग्राहक बँकाच असतील, तर बँकिंगमधली मंदी तिच्यापर्यंतही पोचते. उलट विमा कंपनी आणि बँक एकाच खान्यात असल्या तरी व्याजदर बदलले की दोघींवर होणारा परिणाम सारखा नसतो. हे टक्केवारीत दिसत नाही. लाल खूण लागली की त्या कंपन्यांची कमाई नेमकी कशावर अवलंबून आहे ते वार्षिक अहवालातून वाचावं.

पुढचा प्रश्न हमखास येतो: काही न विकता, नवे पैसे दुसरीकडे टाकून हे निस्तरता येईल का? नमुन्यात वित्तीय सेवांचे ४,८२,४०० आहेत. ते ४० टक्क्यांवर आणायचे तर एकूण पोर्टफोलिओ १२,०६,००० व्हायला हवा, म्हणजे ४,०६,००० नवे पैसे, तेही सगळे इतर सेक्टरांत. आहे त्यातूनच हलवायचे तर १,६२,४०० पुरतात, पण विक्रीवर कर लागू शकतो, तो आधी मोजून घ्या. मी असतो तर सुरुवात बँक ईटीएफपासून केली असती. त्याचे ७२,००० वित्तीय सेवांबाहेर नेले की सेक्टर ६०.३ वरून ५१.३ टक्क्यांवर येतो आणि पहिली बँकही २५.३५ वरून २३.१ वर उतरते. उरलेले ९०,४०० त्या पहिल्या बँकेतूनच काढले तर ती साधारण ११.८ टक्क्यांवर येते आणि शेअरची खूण निघते. सेक्टर ४० टक्क्यांवर येतो, म्हणजे निर्देशांकाच्या दीडपटीच्या आत, त्यामुळे त्याचीही खूण निघते.