वही न घेता हरिपाठ शिकवायचा असेल तर

सुहासदादा, आधी तुमच्या हातातलं छापील पुस्तक बाजूला ठेवा. आमच्या गावचे बुवा जन्मांध होते. शेजारच्या पोरीला त्यांनी ज्ञानदेवांचा अख्खा हरिपाठ तोंडीच दिला. ते पहिल्या ओळीपासून सुरुवात करत नसत. आधी ‘हरि मुखें म्हणा’ हे ध्रुपद पक्कं करून घेत, म्हणजे पोरगी कुठे अडली तरी परतायला जागा असायची.

मग एकेक चरण. ‘देवाचिये द्वारीं, उभा क्षणभरी, तेणें मुक्ति चारी’ हे सहा-सहा अक्षरांचे तीन तुकडे यमकामुळे पटकन बसतात. चौथा, ‘साधियेल्या’, चारच अक्षरांचा आणि यमकाबाहेरचा. पोरं नेमकी तिथेच अडतात. म्हणून बुवा चौथा चरण आधी पाठ करून घेत आणि मग तिसरा त्याच्या आधी जोडत. तुम्हीही तसंच करा.

चूक त्यांना कशी कळायची? श्वासावरून. पोरगी शब्दाच्या मधोमध दम घ्यायला लागली की तिला अर्थ लागलेला नाही, हे ते ओळखत. मग टाळ थांबवून ती ओळ साध्या बोलीत सांगत.

एक अडचण मात्र राहते. सगळ्या अभंगांची चाल एकच असल्याने पोरं एका अभंगातून दुसऱ्यात घसरतात. त्यावर बुवा मध्येच कुठल्यातरी अभंगाचा पहिला शब्द टाकायचे आणि पुढचं तिने म्हणायचं. रोज ओळीनेच म्हणून घेतलं, तर मधूनच विचारल्यावर पोर गप्प बसतं.